‘आल्यावर फोन करा’ आणि सोमवार, साडेदहा

दर जानेवारीत बेंगळुरूच्या तुमकूर रस्त्यावर मोठी वर्दळ असते. भारतीय मशीन टूल उत्पादकांची संघटना तिथल्या प्रदर्शन केंद्रात ‘इमटेक्स’ भरवते आणि देशभरातले कारखानदार, इंजिनिअर, मशीन शॉप चालवणारे तिकडे निघतात. कोल्हापूरची शिरोली आणि गोकुळ शिरगाव, सांगली-मिरज, पुण्याचे भोसरी-चाकण या भागांतूनही पुष्कळ लोक जातात. रात्रीची स्लीपर बस, दोन दिवस दालनांमधून पायपीट, पिशवीभर माहितीपत्रके आणि परतीची बस असा बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो.

यातल्या जवळपास प्रत्येकाच्या फोनमध्ये बेंगळुरूतली आठ-दहा माणसे असतात. एखादा जुना गिऱ्हाईक, पूर्वी पुण्यात असलेला आणि आता पीण्यात गेलेला क्वालिटीचा माणूस, वालचंद कॉलेजचा वर्गमित्र, कोणी तरी ओळख करून दिलेला खरेदी विभागाचा अधिकारी. त्यांना भेटायचे मनात असते. मग बसमधून उतरल्यावर, किंवा प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, फोन केला जातो. पलीकडून उत्तर येते, ‘अरे, आधी सांगायचं ना! आज ऑडिट आहे.’ कोणी आजारी असतो, कोणी चेन्नईला गेलेला असतो, तर कोणी स्वतःच इमटेक्समध्ये असतो, पण दुसऱ्या टोकाच्या दालनात आणि घाईत.

बहुतेक वेळा भेट टाळायची कोणाचीच इच्छा नसते. वेळ ठरलेली नसते, एवढेच. आपल्याकडे ओळखीच्या माणसाशी बोलताना ‘पुढच्या महिन्यात येतोय’ म्हटले की ‘या ना, आल्यावर फोन करा’ असे उत्तर मिळते आणि दोघांनाही वाटते की भेट ठरली. प्रत्यक्षात काहीच ठरलेले नसते. दिवस, वेळ आणि जागा या तीन गोष्टी ज्यात नाहीत तो केवळ स्नेह आहे. त्या स्नेहाची अपॉइंटमेंट करायची तर घर सोडण्याच्या तीन-चार आठवडे आधी कामाला लागावे लागते.

इतके आधी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर गॅल झाउबरमन आणि जॉन लिंच या दोन अमेरिकी संशोधकांच्या 2005 सालच्या अभ्यासात सापडते. पुढच्या महिन्यात आपल्याला आजच्यापेक्षा जास्त मोकळा वेळ असेल, असे माणसाला वाटत असते, असे त्यांना आढळले. पैशाबाबत ही समजूत इतकी ठळक नसते, वेळेबाबत मात्र पक्की असते. आजच्या दिवसातली कामे डोळ्यांसमोर उभी असतात. चार आठवड्यांनंतरचा सोमवार कागदावर कोरा दिसतो. म्हणून उद्या वीस मिनिटे मागितली तर अवघडून नाही म्हणणारा माणूस महिन्यानंतरची वीस मिनिटे सहज देतो.

याच अभ्यासात सावध करणारी गोष्टही दडली आहे. तो सोमवार जवळ येईल तसा तोही आजच्याइतकाच गच्च भरतो. लवकर मिळालेला होकार म्हणूनच मऊ असतो. तो मिळवला आणि मध्ये काहीच केले नाही, तर ऐन वेळी तो गळून पडण्याची शक्यता मोठी. आधी मागणे आणि आदल्या दिवशी पक्के करणे, ही दोन्ही कामे मिळून एक काम होते. पहिले पुष्कळ लोक करतात आणि दुसरे विसरतात.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फाउंड्रीचे मार्केटिंग पाहणारा इंजिनिअर मालकांबरोबर इमटेक्सला जाणार आहे. फाउंड्रीला एक नवीन मशीनिंग सेंटर घ्यायचे आहे. ते पाहायचे काम मंगळवार-बुधवारचे. आता कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींची साप्ताहिक सुट्टी असते सोमवारी, तर बेंगळुरूत सोमवार कामाचा. रविवारी रात्री बस पकडली तर फाउंड्रीचा एकही कामाचा दिवस न मोडता बेंगळुरूत अख्खा सोमवार हातात येतो. भेटींसाठी दिवस कुठून काढायचा, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक दौऱ्यांत असे कुठे तरी असतेच. तिकीट काढण्याआधी ते शोधावे लागते. त्या सोमवारी 26 जानेवारी येत नाही ना, तेही आधी पाहिलेले बरे. महिन्याचे शेवटचे दोन-तीन दिवसही टाळावेत. माल पाठवण्याच्या घाईत खरेदी आणि स्टोअर्सची माणसे कोणालाच भेटत नाहीत.

मालकांना आधी सांगणे हा पुढचा भाग. दौरा कंपनीच्या पैशाने होतो, तेव्हा जादा मुक्कामाचा खर्च कोणत्या भेटींसाठी आहे हे निघण्याआधी माहीत असले पाहिजे. यात लपवण्यासारखे काही नसते आणि लपवल्यावर मात्र वेगळाच अर्थ निघतो. शिवाय मालकांनाही दोन नावे सुचतात, जी इंजिनिअरच्या यादीत नसतात.

यादी करताना मोह होतो तो नेहमी बोलणे असलेल्या माणसांची नावे लिहिण्याचा. खरे तर त्यांच्याशी फोनवर काम होतच असते. जास्त काही देऊन जातात ती माणसे, ज्यांच्याशी एके काळी चांगले जमायचे आणि नंतर कोणतेही भांडण न होता संपर्क तुटला. डॅनियल लेव्हिन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निघन यांनी 2011 साली याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केले. नोकरी सांभाळून व्यवस्थापनाचा अभ्यास करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितले की, ज्यांच्याशी किमान तीन वर्षे बोलणे नाही अशा जुन्या ओळखींना गाठा आणि हातातल्या कामाबद्दल सल्ला विचारा. आधी हे अधिकारी कां कू करत होते. पण मिळालेला सल्ला रोजच्या ओळखींच्या सल्ल्याइतका किंवा त्याहूनही उपयोगी ठरला. कारण सरळ आहे. मधल्या वर्षांत तो माणूस दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या धंद्यात, दुसऱ्या माणसांत वावरलेला असतो. त्याला जे माहीत आहे ते आपल्या वर्तुळात कोणालाच माहीत नसते, आणि तरीही जुन्या विश्वासामुळे तो मोकळेपणाने बोलतो.

आपल्या इंजिनिअरच्या यादीत सात नावे आली. पीण्यातला पंप कंपनीचा खरेदी व्यवस्थापक हा चालू गिऱ्हाईक. पूर्वी पुण्यात यांच्याच कास्टिंगची तपासणी करणारा आणि आता दासरहळ्ळीजवळ व्हॉल्व्हच्या कारखान्यात क्वालिटी प्रमुख झालेला माणूस. चार वर्षांत त्याच्याशी बोलणे नाही. बोम्मसंद्रातली एक गिअरबॉक्स कंपनी, जिथे फक्त एका परिचिताच्या ओळखीने पोहोचता येईल. व्हाइटफील्डला असलेला वर्गमित्र. एका सरकारी कंपनीतले अधिकारी. आणखी दोघे स्वतःच प्रदर्शनाला येणारे.

आता नकाशा. टॉमटॉम या कंपनीच्या 2024 च्या पाहणीत बेंगळुरूत दहा किलोमीटर जायला सरासरी सुमारे 34 मिनिटे लागत होती. पुण्याचा आकडाही फार मागे नाही, त्यामुळे पुणेकरांना हे वेगळे सांगायला नको. पण परगावी आपण हे विसरतो आणि ‘दहाला पीण्या, साडेअकराला व्हाइटफील्ड, एकला इलेक्ट्रॉनिक सिटी’ असा कार्यक्रम आखतो. असा दिवस दुसऱ्याच भेटीला कोसळतो. प्रवासाशिवाय दारावरचा वेळ वेगळा: ओळखपत्र, गेट पास, लॅपटॉपची नोंद, फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, आतल्या माणसाला निरोप जाणे. यात पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. वीस मिनिटांच्या भेटीला त्यामुळे प्रवास धरून दीड तास मोजावा. परक्या शहरात दिवसाला तीन भेटी पुष्कळ झाल्या.

कोल्हापूरहून पुणे-बेंगळुरू महामार्गाने येणारी बस शहरात शिरते ती तुमकूर रस्त्यानेच. आधी प्रदर्शन केंद्राजवळचे मादावर लागते, मग दासरहळ्ळी, पीण्या, यशवंतपूर. म्हणजे सोमवारच्या दोन भेटी आणि पुढच्या दोन दिवसांचे प्रदर्शन एकाच रस्त्यावर आहे. हॉटेल याच पट्ट्यात घ्यायचे आणि तेही लवकर, कारण त्या आठवड्यात इथल्या खोल्या आधीच भरतात. नोव्हेंबर 2024 पासून हिरव्या मार्गाची मेट्रो मादावरपर्यंत धावते. ऑगस्ट 2025 मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र हा पिवळा मार्ग सुरू झाला, त्यामुळे शहराच्या उत्तर टोकाकडून दक्षिण टोकाला एकदाच गाडी बदलून जाता येते. तरी स्टेशनवरचे थांबणे आणि पुढची रिक्षा धरून दोन तास राखून ठेवावेत. बोम्मसंद्रला जायचे तर अर्धा दिवस त्या एका भेटीसाठी द्यावा लागतो. ही भेट नवीन कामाची आहे, म्हणून ती ठेवायची. व्हाइटफील्डच्या मित्रासाठी त्याच दिवशी जाणे शक्य नाही, हे आत्ताच मान्य करायचे.

मग येतो निरोप. आधी होकार हवा तो ज्याच्यावर दिवस उभा राहील त्या माणसाचा, म्हणजे पंप कंपनीच्या खरेदी व्यवस्थापकाचा. त्याची वेळ ठरली की बाकीच्यांना तिच्या आगेमागे बसवता येते. सगळ्यांना एकदम निरोप धाडले तर दोघे नेमके अकराच मागतात आणि त्यातल्या एकाला नाही म्हणायची वेळ येते.

पुष्कळ निरोप असे असतात: ‘सर, मी जानेवारीत बेंगळुरूला येत आहे. आपल्याला भेटण्याची इच्छा आहे. आपल्या सोयीनुसार वेळ कळवावी.’ नम्र आहे, पण सगळे काम त्याने समोरच्यावर टाकले आहे. कोणता दिवस, किती वेळ, कशासाठी, हे त्याने ठरवायचे. तो वाचतो, ‘बघू’ म्हणतो आणि विसरतो.

व्हॉल्व्ह कारखान्यातल्या क्वालिटी प्रमुखाला पाठवायचा निरोप असा असू शकतो:

‘सर, नमस्कार. पुण्यात असताना आपण आमच्या पंप हाउसिंगची तपासणी करायचा. ब्लोहोलची तक्रार आली तेव्हा आपण शिरोलीला दोन दिवस थांबून गेटिंग बदलायला लावलं होतं, ते आजही तसंच चालू आहे. इमटेक्सच्या निमित्ताने मी सोमवारी दासरहळ्ळी भागात आहे. बारा ते सव्वाबारापासून वीस मिनिटं भेटता येईल का? व्हॉल्व्ह बॉडीसाठी लीक टेस्टच्या अपेक्षा किती कडक असतात, एवढंच समजून घ्यायचं आहे. ऑर्डरचं बोलणं नाही. सोमवार अवघड असेल तर मंगळवारी सकाळी नऊलाही येऊ शकतो. दोन्ही जमत नसेल तरी हरकत नाही, पुढच्या खेपेला भेटू.’

निरोप लांबीने मोठा नाही, पण त्यात सगळे आहे. आपण कोण ते आठवणीच्या एका खऱ्या तपशिलातून कळते. वार, वेळ, जागा आणि अवधी दिला आहे. एक पर्यायी वेळ आहे; पाच पर्याय दिले असते तर पुन्हा निवडीचे ओझे झाले असते. विचारायचे काय आहे ते आधी सांगितले आहे, त्यामुळे तो माणूस तयार असेल, किंवा हा विषय दुसऱ्या कोणाकडे असेल तर त्याचे नाव सांगेल. आणि नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली आहे. अवघडून दिलेली वेळ दोघांच्याही कामाची नसते.

वर्गमित्राला अर्थातच असे लिहायचे नसते. ‘अरे, जानेवारीत इमटेक्सला येतोय. व्हाइटफील्डला यायला जमणार नाही, खोटं सांगत नाही. रविवारी रात्री निघायच्या आधी पंधरा मिनिटं फोनवर बोलू का? तुमच्याकडे सेन्सर लावलेलं मशीन बघितलंय का, ते विचारायचंय.’ बेंगळुरूत जाऊन न भेटता परतल्याचे त्याला नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा हे फार बरे. जुन्या मैत्रीत असे एक न कळवता परतणे बरीच वर्षे लक्षात राहते.

निरोपाला आठवडाभर उत्तर नाही आले तर एकदा आठवण करावी, शक्यतो वेगळ्या मार्गाने: मेल केला असेल तर व्हॉट्सअ‍ॅप किंवा फोन. त्यानंतर थांबावे. ‘आल्यावर फोन करा’ असे उत्तर आले, तर ते नकार नाही आणि होकारही नाही. त्यावर लगेच विचारायचे, ‘नक्की करतो. सोमवारी साडेतीन धरून चालू का?’ यावर ‘हो’ आले तर भेट ठरली. पुन्हा ‘बघू, या तर खरं’ असेच आले, तर ते नाव दिवसाच्या आखणीतून काढायचे आणि वेळ उरली तर फोन करायचा. हा फरक ज्याला करता येतो त्याचा दिवस रिकामा जात नाही.

सरकारी कंपनीचे काय? तिथे वेगळाच विचार लागतो. त्या कंपनीची एखादी निविदा चालू असेल आणि आपली फाउंड्री बोली लावणार असेल, तर त्या काळात अधिकाऱ्याला खासगीत भेट मागणेच गैर आहे. ओळखीचा असला तरी त्याला अडचणीत टाकणारी ती गोष्ट ठरते. निविदेबद्दलच्या शंका ठरलेल्या मार्गाने, लेखी विचाराव्यात. आपल्या इंजिनिअरने चौकशी केली, निविदा चालू असल्याचे कळले आणि ते नाव यादीतून गेले. खासगी कंपन्यांतही बऱ्याच ठिकाणी पुरवठादाराकडून भेटवस्तू न घेण्याचा नियम असतो. कोल्हापूरहून जाताना काही तरी न्यावेसे वाटते, हा आपला स्वभाव आहे. पण नियम माहीत नसेल तर रिकाम्या हाताने जाणे समोरच्याच्या सोयीचे.

रविवारी दुपारी, बस निघण्याआधी, तिन्ही ठिकाणी एकेक ओळ जाते: ‘उद्या साडेदहा, पीण्या, गेट नंबर दोन. मी आणि आमचे मालक, दोघे आहोत. गेट पाससाठी नावे पाठवतो.’ याने मऊ होकार घट्ट होतो, दारावरची पंधरा मिनिटे वाचतात आणि काही बदल असेल तर तो रस्त्यात नव्हे, घरीच कळतो. आपल्या उदाहरणात पंप कंपनीकडून उत्तर येते की साडेदहाऐवजी अकरा करा, प्रॉडक्शन मीटिंग लांबणार आहे. दासरहळ्ळीची वेळ सव्वाबाराची आहे आणि दोन्ही जागा एकाच मेट्रो मार्गावर आहेत, म्हणून दिवस मोडत नाही. पहिल्या दोन भेटी जवळजवळ ठेवण्याचा उपयोग इथे होतो.

भेटीत वीस मिनिटे मागितली असतील तर अठराव्या मिनिटाला उठायची तयारी दाखवावी. ‘माझी वेळ झाली’ म्हटल्यावर समोरचा ‘बसा हो, चहा येतोय’ म्हणाला तर बसावे. ती वाढीव मिनिटे त्याने दिलेली असतात. न सांगता पाऊण तास बसून राहिलेल्या माणसाला पुढच्या वर्षी वेळ मिळत नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाचे ड्रॉइंग नमुना म्हणून दाखवणे हा या धंद्यातला मोठा प्रमाद. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचे असते, आणि जो दुसऱ्याचे आपल्याला दाखवतो तो आपलेही दुसऱ्याला दाखवणार, हे समोरचा लगेच ओळखतो. आपण केलेले काम सांगायचे तर भागाचा आकार, वजन आणि धातू सांगितला तरी पुरतो.

क्वालिटी प्रमुखाच्या भेटीतून काय निघेल? बहुधा ऑर्डर नाही. पण व्हॉल्व्हच्या कास्टिंगला दाबाखाली गळती चालत नाही आणि मशीनिंग झाल्यावर उघडी पडणारी सच्छिद्रता सगळा खर्च वाया घालवते, हे तो त्याच्याकडे परत गेलेल्या भागांवरून दाखवू शकतो. फाउंड्रीने या कामात उतरण्याआधी लीक टेस्टची सोय करावी की नाही, हा निर्णय त्यामुळे नेमका होतो. आणि निघताना एक प्रश्न विचारायचा असतो: ‘या विषयात मी आणखी कोणाशी बोलू?’

या प्रश्नाचे मोल सांगणारे एक मोठे उदाहरण आपल्याच उद्योगाच्या इतिहासात आहे. जमशेटजी टाटा 1902 साली पोलाद कारखान्याच्या कामासाठी अमेरिकेत गेले. पिट्सबर्गला त्यांनी ज्युलियन केनेडी या नामवंत इंजिनिअरची भेट घेतली. भारतात आधी खनिजाची शास्त्रीय पाहणी केली पाहिजे, असे केनेडींनी सांगितले आणि त्या कामासाठी न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन यांचे नाव सुचवले. जमशेटजी न्यूयॉर्कला जाऊन पेरिनना भेटले. पेरिन तयार झाले, त्यांनी आपला सहकारी सी. एम. वेल्ड याला भारतात पाठवले आणि पुढे स्वतः आले. जमशेटजी 1904 मध्ये वारले. पोलाद निघाले 1912 मध्ये, आज ज्याला जमशेदपूर म्हणतात तिथे. पेरिन यांचे नाव मिळाले ते पिट्सबर्गच्या त्या भेटीतून.

बोम्मसंद्रची भेट परिचिताच्या ओळखीने ठरली असल्याने तिथे आणखी एक काम असते. भेटून बाहेर पडल्यावर, मेट्रोत बसल्या बसल्या, त्या परिचिताला दोन ओळी कळवायच्या: कोण भेटले, काय ठरले. त्याने आपले नाव पणाला लावून ओळख करून दिलेली असते आणि पुढे काय झाले हे त्याला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. ज्यांना भेटलो त्यांना त्याच रात्री निरोप जातो. त्यात आभार असतातच, पण कबूल केलेली वस्तूही असावी. पंप कंपनीला सॅम्पलची तारीख, क्वालिटी प्रमुखाला त्याने मागितलेला धातू तपासणीचा अहवाल. दोन दिवस प्रदर्शनात फिरल्यावर हे तपशील डोक्यातून जातात, म्हणून प्रत्येक भेटीनंतर दारातच वहीत तीन ओळी लिहून ठेवायच्या: काय कळले, काय कबूल केले, पुढचे नाव कोणते.

प्रदर्शनाला येणाऱ्या दोघांचे जमवणे त्या मानाने सोपे, कारण तिथे प्रवास नाही आणि गेट पासही नाही. पण ‘दालनात भेटूच’ यावर सोडले तर हजारोंच्या गर्दीत फोन लागत नाही. मंगळवारी सकाळी दालने गजबजण्याआधी, अमुक क्रमांकाच्या दालनाच्या दारातल्या चहाच्या टपरीपाशी, पंधरा मिनिटे, असे त्यांच्याशी आठवडाभर आधीच ठरवायचे. दुपारनंतर तिथे कोणाचेच मन जागेवर नसते.

बुधवारी रात्रीच्या बसमध्ये वहीत दोन नवी नावे असतात, दोन्ही क्वालिटी प्रमुखाने दिलेली. त्यातला एक होसूरला असतो, बोम्मसंद्रच्या पुढे, तमिळनाडूच्या हद्दीत. त्याच्यासाठी पुढच्या दौऱ्यात दक्षिणेकडे मुक्काम करून एक वेगळा दिवस ठेवावा लागेल. पंप कंपनीने सॅम्पल पास केले तर तो दौरा मे महिन्यातला असेल. म्हणजे होसूरला पहिला निरोप एप्रिलच्या सुरुवातीला.